जुन्या इंटर्नसाठी शिफारशीच्या दोन ओळी: हजेरीपटापासून क्रियापदापर्यंत

ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी, वागळे इस्टेट या भागांतल्या छोट्या कार्यालयांत हल्ली कॉलेजची मुले ओजेटीसाठी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणासाठी, किंवा इंटर्नशिपसाठी नेहमी येतात. दोन-तीन महिने काम करतात, प्रमाणपत्र घेऊन जातात आणि पुढे कधीतरी त्यांचा मेसेज येतो, "नवीन ठिकाणी संदर्भासाठी तुमचं नाव दिलंय, दोन ओळी लिहून द्याल का? उद्यापर्यंत हवंय." ज्यांच्या हाताखाली ते शिकले त्यांना असे काही लिहायची सवय नसते. मग एखादे जुने प्रमाणपत्र उघडले जाते, नाव बदलले जाते, "मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ" हे शब्द घातले जातात आणि मजकूर निघून जातो. वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. कधी तर नको ते कळते, कारण एखादे "होती" किंवा "करत आहे" चुकीच्या जागी पडलेले असते.

प्रमाणपत्र आणि शिफारस यांत आधी फरक करून घ्या. प्रमाणपत्र म्हणजे अमुक व्यक्तीने अमुक काळ काम केले याची नोंद. ते कार्यालय देते. शिफारशीची ओळ एक माणूस देतो, ज्याने ते काम जवळून पाहिलेले असते. म्हणून ती छोटी असली तरी चालते, पण पाहिलेलीच हवी.

मी नौपाड्यात मुद्रितशोधन आणि पानांच्या मांडणीचे काम करतो, म्हणून उदाहरण त्याच कामातले घेतो. आमच्याकडे जून ते ऑगस्ट २०२५ या काळात एक विद्यार्थिनी इंटर्न होती. वाशीच्या एका संस्थेच्या त्रैमासिकात साहाय्यकाची जागा निघाली, तिथे तिने अर्ज केला आणि संस्थेने मराठीतच दोन-तीन ओळींचा संदर्भ मागितला. तिचे नाव इथे "अबक" असे घेऊ.

## १. लिहायला बसण्याआधी हे समोर ठेवा

आठवणीवर भिस्त ठेवू नका. तीन महिन्यांचे "सहा महिने" आणि जुलैचे "जून" फार सहज होते. एवढे कागद जवळ असू द्या:

- कॉलेजचे पत्र किंवा तुम्ही दिलेले रुजू होण्याचे पत्र (नाव कसे लिहितात आणि पद काय होते, यासाठी)
- हजेरीपट, किंवा विद्यावेतन दिल्याची नोंद (पहिल्या आणि शेवटच्या दिवसासाठी)
- तिने हाताळलेले एक-दोन खरे नमुने
- नव्या जागेची जाहिरात, किंवा निदान त्या कामाचे दोन ओळींतले वर्णन
- तिचा मेसेज, ज्यात तुमचा संदर्भ द्यायला तिची संमती आहे हे दिसते

शेवटचा मुद्दा लोक सोडून देतात. कुणी परस्पर फोन करून "तुमच्याकडे अमुक मुलगी होती ना, कशी होती?" असे विचारले तर आधी तिला विचारा. तिने त्या ठिकाणी अर्ज केला आहे हे तिच्या सध्याच्या कार्यालयाला माहीत नसेल, आणि आपल्या उत्साही उत्तराने ते फुटू शकते.

सगळ्यांत जास्त उपयोग होतो तो नमुन्यांचा. मी अबकने वाचलेली जुनी प्रुफे काढून बसलो. सहकारी संस्थांना आपली वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे गृहनिर्माण संस्था आणि पतसंस्थांच्या वार्षिक अहवालांची रीघ असते. एका अहवालाच्या पहिल्या प्रुफावर तिची पेन्सिलची खूण होती. अध्यक्षांच्या मनोगतात सभासदसंख्या एक दिलेली, आणि मागच्या तक्त्यात दुसरी. तिने आकडा खोडला नव्हता. दोन्हीकडे गोल करून समासात लिहिले होते, "यातला कोणता? पक्षकाराला विचारावे." पुढच्या प्रुफांवरही जिथे शंका तिथे अशीच खूण. ही एक गोष्ट "प्रामाणिक, मेहनती" या जोडीपेक्षा कितीतरी जास्त सांगते, आणि ती मला आठवणीतून सुचली नसती.

## २. जिथे जायचे आहे तिथले काम पाहून एकच गुण निवडा

दोन ओळींत चार गुण मावत नाहीत. मावले तरी वाचणारा एकही लक्षात ठेवत नाही. त्रैमासिकाच्या जागेला काय लागते? लेखकांचा मजकूर जपून वाचणे, संदर्भ आणि आकडे ताडणे, लेखकाला न विचारता त्याच्या मजकुरात ढवळाढवळ न करणे. अबकची ती पेन्सिलची खूण इथे नेमकी बसते.

हीच मुलगी एखाद्या दैनिकाच्या रात्रपाळीसाठी अर्ज करत असती तर मला वेगळा विचार करावा लागला असता. तिथे वेग लागतो, आणि ती सुरुवातीला संथ होती. एकेक पान घेऊन बसायची. ऑगस्टपर्यंत वेग बराच सुधारला, तरी "वेगाने काम करते" असे मी लिहू शकलो नसतो. अशा वेळी अर्जदाराला आधीच सांगून टाकावे, "काळजीपूर्वक वाचनाबद्दल मी मनापासून लिहीन, पण वेगाबद्दल माझ्याकडून लिहिले जाणार नाही. तिथे वेग महत्त्वाचा असेल तर दुसऱ्या कुणाचा संदर्भ द्या." हे ऐकून वाईट वाटते, पण तिला ठरवायला वेळ मिळतो.

## ३. कच्चा मसुदा भराभर लिहून काढा

पहिल्या मसुद्यावर फार विचार नको. ठोकळेबाज शब्द आले तरी येऊ द्या, पुढे ते काढायचेच आहेत. नवख्या पर्यवेक्षकांकडून साधारण असा मसुदा येतो:

> कु. अबक ही आमच्याकडे इंटर्न म्हणून काम करत आहे. ती अतिशय हुशार, मेहनती आणि मनमिळाऊ होती. तिने आमचे सर्व अहवाल स्वतंत्रपणे संपादित केले होते. त्या जिथे जातील तिथे नक्कीच यशस्वी होतील. त्यांच्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा.

वरवर पाहता यात वावगे काही दिसत नाही. पण वाक्यागणिक काहीतरी घसरलेले आहे. आधी काळ पाहू, मग खरेपणा.

## ४. फक्त क्रियापदांखाली रेघ मारा आणि काळ तपासा

मजकूर कागदावर घ्या आणि क्रियापदांखाली रेघ मारा. वरच्या मसुद्यात अशा पाच जागा आहेत: "करत आहे", "होती", "केले होते", "जातील", "होतील". शेवटच्या वाक्याला क्रियापदच नाही. आता एकेक घेऊ.

"काम करत आहे." हे जुन्या पत्रातून आलेले आहे. इंटर्नशिप चालू असताना कॉलेजला दिलेल्या पत्रात ते बरोबर होते. आता ती आमच्याकडे नाही. वाचणाऱ्याचा समज होतो की ती अजून इथेच आहे, आणि तिच्या अर्जात ऑगस्टमध्ये संपले असे लिहिलेले असते. दोन कागद जुळत नाहीत आणि शंका तिच्यावर येते. संपलेल्या कामाला साधा भूतकाळ द्या, "काम केले". सोबत महिना आणि वर्ष लिहा, म्हणजे काळाबद्दल प्रश्नच उरत नाही.

"केले होते." माझ्या मते सगळ्यांत जास्त घात करणारे रूप हेच. व्याकरणात चूक नाही. पण "तिने काम चांगले केले होते" हे वाक्य मराठी कानाला अर्धवट वाटते, पुढे "पण" येणार अशी वाट पाहायला लावते. चांगले केले होते, पण नंतर बिघडले? चांगले केले होते, पण आम्हाला उपयोग झाला नाही? तुमच्या मनात तसे काहीच नसते. म्हणून एक साधी चाचणी करा. प्रत्येक वाक्यानंतर मनात "पण…" म्हणून पाहा. वाक्य सहज पुढे सरकायला लागले तर तिथे भोक आहे. "होते" काढून "केले" एवढेच ठेवले की ते बहुतेक वेळा बुजते.

"केले आहे" मात्र काही ठिकाणी चालते. "प्रशिक्षण पूर्ण केले आहे" यात काम संपले आणि त्याचा परिणाम आजही आहे, म्हणून ते योग्य. पण प्रत्येक वाक्याला "आहे" जोडत गेलात तर मजकूर सरकारी परिपत्रकासारखा वाटतो. एखाद्याच ठिकाणी ठेवा.

"मेहनती होती." स्वभावाला भूतकाळ लावला की दोनच अर्थ निघतात, आता ती तशी नाही किंवा आता ती नाही. दोन्ही नकोत. मग "मेहनती आहे" लिहायचे? तेही जपून. आज ती कशी आहे हे तुम्ही पाहिलेले नाही, तुम्ही पाहिले ते जून ते ऑगस्टमध्ये. या पेचातून सुटायचा चांगला मार्ग म्हणजे गुणाचे नाव न घेता ती काय करत असे ते सांगणे. "शंका असेल तिथे खूण करून विचारत असे." यात काळ बरोबर राहतो आणि गुण वाचणाऱ्याला आपोआप कळतो.

इथे "करत असे" आणि "करत होती" यांतला फरक जपा. "वेळेवर येत होती" म्हटले की पुन्हा तोच "पण" डोकावतो, येत होती, मग थांबली. "वेळेवर येत असे" ही सवय झाली. बोलताना आपण "यायची, वाचायची, विचारायची" म्हणतो, त्याचा अर्थ तोच आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या दोन ओळींत ते छान वाटते. ईमेल किंवा छापील फॉर्म असेल तर "वाचत असे" बरे.

"यशस्वी होतील." भविष्यकाळ म्हणजे भाकीत, आणि ते करणे आपल्या हातात नाही. एकच भविष्यकाळ खरेपणाने लिहिता येतो, तो स्वतःबद्दलचा: "त्यांच्याबरोबर पुन्हा काम करायला मला आवडेल." हे वाक्य फार मोलाचे आहे. नेमणूक करणारे लोक त्याचीच वाट पाहत असतात. म्हणून ते खरे असेल तरच लिहा. उद्या ती परत आली तर मी तिला टेबल देईन का, असे स्वतःला विचारा. उत्तर चटकन "हो" आले नाही तर हे वाक्य गाळा.

## ५. ती, त्या, तिने, त्यांनी: एकच धरा

मसुद्यात आधी "ही", मग "ती", "तिने", आणि शेवटी "त्या जातील" झाले आहे. अर्धा मजकूर जुन्या पत्रातला आणि अर्धा नवा असल्याची ही खूण. कार्यालयात आपण इंटर्नला "अगं, इकडे ये" म्हणत असू, पण लेखी शिफारशीत मी आदरार्थी रूप घेतो. ती आता दुसरीकडे सहकारी म्हणून जाते आहे. वयाने लहान असली तरी त्या टेबलावर तिला "अबक यांनी" म्हणून पोचवलेले बरे.

आदरार्थी घेतले की क्रियापदेही बदलतात. "ती वाचत असे" चे "त्या वाचत असत" होते, मुलगा असेल तर "ते वाचत असत". "तिने" चे "त्यांनी" होते, पण त्यानंतरचे क्रियापद कर्त्याप्रमाणे नव्हे, कर्माप्रमाणे चालते. "त्यांनी अहवाल तपासला", "त्यांनी स्मरणिका तपासली", "त्यांनी प्रुफे तपासली". मजकूर दुरुस्त करताना "अहवाल" काढून "स्मरणिका" घालता आणि "तपासला" तसाच राहतो, ही अगदी रोजची चूक आहे. भाषेच्या कामासाठी शिफारस करताना ती झाली तर शिफारस करणाऱ्याचेच वजन जाते. कर्म बदलले की क्रियापद पुन्हा वाचा.

आणि "कु.", "सौ." गाळा. लग्न झाले की नाही याचा कामाशी संबंध नाही, आणि मधल्या काळात ते बदललेलेही असू शकते. नुसते पूर्ण नाव पुरते. फक्त तिच्या अर्जावर आहे तसेच लिहा.

## ६. प्रत्येक वाक्याला फोनची परीक्षा द्या

आता खरेपणा. समजा वाशीहून फोन आला आणि समोरच्या बाईंनी तुमचे वाक्य वाचून विचारले, "म्हणजे नेमकं काय करायच्या त्या?" उत्तर देताना तुम्हाला अडखळायला झाले तर ते वाक्य बदला.

"सर्व अहवाल स्वतंत्रपणे संपादित केले" हे वाक्य घेऊ. सर्व? नाही, तिच्या काळात आलेल्यांपैकी काही तिच्याकडे होते. स्वतंत्रपणे? नाही, पहिले प्रूफ ती वाचत असे, दुसरे मी. संपादित? नाही, ते मुद्रितशोधन होते. एका वाक्यात तीन फुगवटे आहेत, आणि लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते. पण वाशीला तिच्याकडून पहिल्याच आठवड्यात संपादनाची अपेक्षा ठेवली जाईल आणि अडचण तिची होईल. "सर्व", "नेहमी", "पूर्ण जबाबदारी", "नेतृत्व", "स्वतंत्रपणे" हे शब्द दिसले की थांबा. त्या जागी खरे माप घाला. "पहिली प्रुफे वाचत असत" हे लहान दिसते, पण त्रैमासिकवाल्यांना त्यातून नेमके कळते की काय येते आणि काय शिकवावे लागेल.

उलट्या बाजूचाही खड्डा आहे. काही शब्द सभ्य दिसतात पण आतून पाय ओढतात. "दिलेले काम करण्याचा प्रयत्न केला" म्हणजे जमले नाही. "होतकरू आहे" म्हणजे अजून काही हाती लागलेले नाही. "स्वभावाने चांगली होती" एवढेच लिहिले तर कामाबद्दल सांगण्यासारखे काही नव्हते असा अर्थ निघतो. "वेळेवर येत असे" हे एकटे असेल तर तसेच. तुम्हाला खरोखर चांगले म्हणायचे असेल तर हे टाळा.

उणिवा? दोन ओळींच्या शिफारशीत त्या लिहायच्या नसतात आणि वाचणाऱ्यालाही त्यांची अपेक्षा नसते. पण उणिवेच्या उलट गोष्ट लिहायची नाही, ही माझी मर्यादा. अबक संथ होती, तर वेगाबद्दल मी एक अक्षरही लिहिले नाही. फोनवर थेट विचारले असते तर सांगितले असते, "सुरुवातीला वेळ लागायचा, ऑगस्टपर्यंत बराच सुधारला." यात तिचे नुकसान नाही आणि माझे वाक्यही खरे राहते.

आणखी एक. उदाहरण देण्याच्या भरात पक्षकाराचे नाव फोडू नका. "अमुक पतसंस्थेच्या अहवालातला आकड्यांचा घोळ पकडला" हे तिच्या कौतुकाचे वाक्य आहे, पण त्या संस्थेच्या दृष्टीने ती तुम्ही बाहेर सांगितलेली आतली गोष्ट आहे. "संस्थांचे वार्षिक अहवाल" एवढे पुरे.

## ७. पुन्हा लिहा

हे सगळे लावल्यावर मसुदा असा झाला:

> अबक यांनी जून ते ऑगस्ट २०२५ या काळात आमच्याकडे मुद्रितशोधनासाठी इंटर्न म्हणून काम केले. संस्थांच्या वार्षिक अहवालांची पहिली प्रुफे त्या वाचत असत; मजकुराबरोबर तक्त्यांतले आकडेही ताडून पाहत आणि शंका आल्यास स्वतः बदल न करता खूण करून विचारत. त्यांच्याबरोबर पुन्हा काम करायला मला आवडेल.

क्रियापदे पाहा. "काम केले" म्हणजे संपलेली गोष्ट. "वाचत असत, पाहत, विचारत" ही त्या काळातली सवय. दुसऱ्या-तिसऱ्या ठिकाणी "असत" गाळले आहे, कारण ते एकदा आले की पुढच्या क्रियापदांना पुरते. "आवडेल" हे माझे आजचे मत. एकही विशेषण नाही, तरी वाचणाऱ्याला एक काळजीपूर्वक काम करणारी व्यक्ती दिसते. "मुद्रितशोधनासाठी इंटर्न" हे पद रुजू होण्याच्या पत्रात होते तेच आहे.

ऑनलाइन फॉर्ममध्ये जागा कमी असते. तेव्हा आधी शुभेच्छा काढा, मग विशेषणे, मग पद. काळ आणि केलेले काम शेवटपर्यंत राहू द्या. लहान रूप असे होईल:

> जून ते ऑगस्ट २०२५ मध्ये अबक यांनी आमच्याकडे वार्षिक अहवालांची पहिली प्रुफे वाचली, आकडे ताडले, शंका वेळीच विचारल्या. पुन्हा काम करायला आवडेल.

इथे "वाचत असत" चे "वाचली" केले, कारण एकाच वाक्यात काळ आणि काम दोन्ही बसवायचे होते. आणि कर्म प्रत्येक वेळी बदलले म्हणून "वाचली", "ताडले", "विचारल्या" अशी तीन वेगळी रूपे आली आहेत. घाईत इथेच चुकते.

## ८. मोठ्याने वाचा, आणि तिला दाखवा

मोठ्याने वाचताना जीभ जिथे अडते तिथे बहुधा काळ किंवा लिंग-वचन बिघडलेले असते. कार्यालयातल्या दुसऱ्या कुणाला वाचायला दिले तर आणखी बरे. त्यांना एकच विचारा, "ही मुलगी आता इथे आहे असं वाटतं का, आणि हिला काय येतं?" पहिल्याचे उत्तर "नाही" आणि दुसऱ्याचे उत्तर नेमके आले की झाले.

मग मसुदा अर्जदाराला दाखवा, तारखा आणि नावाचे स्पेलिंग तपासण्यासाठी. इथे एक पेच येतो. मुले संकोचत का होईना म्हणतात, "सर, सहा महिने लिहिता का? तिथे सहा महिन्यांचा अनुभव मागितलाय." किंवा, "इंटर्नऐवजी साहाय्यक लिहाल का?" रागावू नका, नोकरीच्या गरजेपोटी ती विचारतात. पण नाही म्हणा आणि कारणही सांगा. तिचा हजेरीपट आणि कॉलेजचे पत्र तीन महिने सांगणार आहेत, आणि तपासणीत फरक दिसला तर जागा तिचीच जाते. त्याऐवजी दुसरे काही देता येईल का ते बघा. माझ्याकडे अबकने नंतर दिवाळीच्या वेळी एका स्मरणिकेचे काम मोबदल्यावर केले असते, तर मी ते वेगळ्या वाक्यात, वेगळ्या तारखेसह लिहिले असते. खरा अनुभव बऱ्याचदा असा कुठेतरी पडलेला असतो.

"तू स्वतःच लिहून आण, मी सही करतो" असे म्हणणारे पर्यवेक्षक बरेच आहेत. तिच्याकडून कामांची यादी मागवणे ठीक, तिलाही काही गोष्टी तुमच्यापेक्षा चांगल्या आठवतात. वाक्ये मात्र तुमची हवीत. विद्यार्थी स्वतःबद्दल लिहितात तेव्हा एकतर फार फुगवतात किंवा संकोचून इतके कमी लिहितात की हातची चांगली गोष्ट निसटते. अबकने यादीत ती पेन्सिलची खूण लिहिलीच नव्हती. तिला ते काम वाटत नव्हते.

## ९. चांगले लिहिण्यासारखे नसेल तर

असेही होते. तेव्हा लवकर आणि थेट सांगा, "तुझ्या कामाबद्दल मी फार लिहू शकणार नाही. कालावधीची नोंद देतो." आणि मग फक्त नोंद द्या: "अबक यांनी जून ते ऑगस्ट २०२५ या काळात आमच्याकडे इंटर्नशिप पूर्ण केली." यात खोटे काही नाही. पण अशी कोरडी ओळ शिफारस म्हणून गेली तर वाचणारा त्यातले मौन ऐकतो, म्हणून ती शिफारस नव्हे, नोंद आहे हे तिला आधी कळू द्या. इंटर्नशिप मध्येच सोडली असेल तर "पूर्ण केली" सुद्धा लिहू नका. "काम केले" लिहा आणि खरे महिने द्या.

## १०. पाठवणे आणि जपून ठेवणे

शक्यतो कार्यालयाच्या ईमेलवरून, थेट मागणाऱ्या संस्थेला पाठवा. मजकूर मेलमध्येच टंकित करा. फोटो काढून पाठवलेले पत्र फॉर्ममध्ये चिकटवता येत नाही. खाली तुमचे नाव, त्या काळातले तुमचे पद, कार्यालयाचा फोन आणि लिहिल्याची तारीख द्या. तारीख महत्त्वाची, कारण "मला आवडेल" हे त्या दिवशीचे मत आहे.

एक प्रत हजेरीपटाच्या नोंदीसोबत ठेवा. फोन कधीकधी महिन्याभराने येतो, आणि तेव्हा तुम्ही लिहिले एक आणि बोलला दुसरे असे होऊ नये. वर्षभराने तीच मुलगी दुसऱ्या जागेसाठी पुन्हा विचारेल. जुनी ओळ तशीच पाठवू नका. तारखा आणि "वाचत असत" तसेच राहतील, पण नवी जागा पाहून गुण बदलावा लागेल, आणि शेवटचे वाक्य आजही खरे आहे का ते बघावे लागेल.

मधल्या काळात तुम्हीच ते कार्यालय सोडले असेल तर "आमच्याकडे" हा शब्द चालणार नाही. तेव्हा संस्थेचे नाव लिहा आणि स्वतःबद्दल भूतकाळ वापरा: "त्या काळात मी तिथे मुद्रितशोधनाचे काम पाहत होतो आणि अबक माझ्याबरोबर काम करत होत्या." इथे "पाहत होतो" आणि "करत होत्या" अगदी बरोबर आहेत, कारण दोन्ही गोष्टी त्या वेळी चालू होत्या आणि आज दोन्ही संपलेल्या आहेत.